माय ताय घरी जमत नाही : रम किती घ्यायच्या आणि बदामाचं काय चुकलं?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. तिथे एका टिकी बारमध्ये, म्हणजे पॉलिनेशियन थाटाच्या बारमध्ये, माय ताय हे रमचं कॉकटेल प्यायलो. कोऱ्या चहासारखा रंग, वर कुटलेला बर्फ, बर्फात पिळलेल्या लिंबाची अर्धी साल आणि पुदिन्याची काडी. आधी लिंबू लागलं, मग रमचा पिकल्या केळ्यासारखा वास आला आणि घोट गिळल्यावर बदाम मागे रेंगाळला. तेव्हापासून ती चव डोक्यातून जात नाही.

परवा घरी प्रयत्न केला. ओल्ड मंक ३० मिली, साधी पांढरी रम ३० मिली, डब्यातला अननसाचा रस ६० मिली, एका लिंबाचा रस आणि किराणा दुकानातलं बदामाचं तयार पेय २० मिली. सगळं हलवून बर्फावर ओतलं. दोन मिनिटांत वर पांढऱ्या गुठळ्या आल्या आणि चव खोकल्याच्या औषधासारखी. चार पाहुण्यांपैकी एकानेही ग्लास संपवला नाही.

आता विचारायचं ते असं. तिथल्या बारवाल्याने एका ग्लासात दोन वेगळ्या रम घातलेल्या मी पाहिल्या. एकावर एक रम रचण्याने खरंच फरक पडतो का? आणि पुण्यात जे मिळतं त्यात हे जमेल का?

शंकासुर

एकावर एक रचायचं म्हणजे चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हळूहळू ओतायचं. खाली जड, वर हलकं. माझ्या भावाच्या लग्नात तीन रंगांचे ग्लास केले होते, फोटो फार सुंदर आले. तुम्ही सगळं एकत्र हलवलंत, तिथेच थर मोडले.

बर्फवाला

शंकासुर, ते वेगळं. इथे रम ग्लासात थरांनी दिसायला नको आहेत, जिभेवर एकामागून एक कळायला हव्या आहेत. त्या हलवून एकजीवच करायच्या असतात.

वरून काळी रम तरंगत सोडतात तो प्रकारही आहे. रसात साखर असते म्हणून तो जड, आणि रम त्याच्यावर थांबते. पण माय तायच्या पहिल्या कृतीत ते नव्हतं, हवाईच्या हॉटेलांत नंतर सुरू झालं. दिसायला छान, पण पहिले चार घोट नुसती रम लागते आणि तळाशी सरबत उरतं.

ओकलंडची_माहेरवाशीण

मी इथे जवळच, बे एरियात पंधरा वर्षं राहते आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

व्हिक्टर बर्जेरॉन, म्हणजे ट्रेडर व्हिक, याचं ओकलंडला रेस्टॉरंट होतं. १९४४ मध्ये त्याच्याकडे जमैकाची रे अँड नेफ्यू कंपनीची १७ वर्षं मुरलेली रम होती. ती इतकी चांगली होती की त्याने तिच्यावर फार काही लादलं नाही. ताज्या लिंबाचा रस, थोडं क्युरासाओ, म्हणजे संत्र्याच्या सालीचं मद्य, थोडा खडीसाखरेचा पाक आणि थोडा बदामाचा पाक, ज्याला फ्रेंचमध्ये ओर्झा म्हणतात. बस. ताहितीहून आलेल्या त्याच्या मित्रमंडळींना त्याने पहिला ग्लास दिला आणि त्यांच्यातली बाई ताहितीच्या भाषेत 'माईताई रोआ ए' असं काहीसं म्हणाली, म्हणजे फारच झकास. त्यावरून नाव पडलं, अशी व्हिकने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. डॉन द बीचकॉम्बर हा त्याचा हॉलिवूडमधला ज्येष्ठ प्रतिस्पर्धी. त्याच्या बाजूचे लोक म्हणतात मूळ पेय त्याचंच. तो वाद अजून चालू आहे.

कोथरूडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यापुढच्या भागात आहे. पेय इतकं खपलं की १७ वर्षांची रम संपली. मग १५ वर्षांची घेतली, तीही पुरेना. तेव्हा व्हिकने त्या एका रमची चव दोन रम मिसळून उभी केली. जमैकाची रम वासासाठी आणि मार्टिनिकची रम त्या जुन्या बाटलीतल्या सुकामेव्यासारख्या चवीसाठी. म्हणजे निदान या पेयात एकावर एक रम रचणं हौसेतून आलं नाही. हवी ती एक बाटली जगात उरली नाही, म्हणून आलं.

आणि अननस यात नाही! व्हिकने १९५३ मध्ये हे पेय हवाईच्या रॉयल हवायन हॉटेलात नेलं, आणि अननस व संत्र्याचे रस त्यात शिरले ते तिथे गेल्यानंतर.

सांगलीकर_आबा

अननस नाही हे पटत नाही. मी क्रूझवर तीन वेळा माय ताय घेतलं, तिन्ही वेळा अननस होता आणि वर चेरी. एवढी मोठी जहाजं चुकीचं कशाला देतील?

ओकलंडची_माहेरवाशीण

आबा, तुम्ही प्यायलात तेही माय ताय म्हणूनच विकतात आणि ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण अननसाचा रस गोड, आंबट आणि वासाचा, तिन्ही एकदम असतो. तो ६० मिली घातला की खाली कोणती रम आहे ते कळेनासं होतं. मग दोन रमचा खटाटोप कशाला? कोथरूडकरांना जी चव आठवते आहे ती बिनअननसाचीच आहे.

सुगरण_नाशिक

मी दारू घेत नाही, पण गुठळ्यांचं वाचून राहवलं नाही. कोथरूडकर, ते तयार पेय बाटलीतला पाक होता की पावडर? मागे घटक छापलेले असतात ते वाचून सांगा.

कोथरूडकर

ताई, आत्ता बघितलं. पावडरच आहे, मी कोमट पाण्यात कालवली होती. साखर, दूध पावडर, बदाम, वेलची, केशराचा अर्क, रंग.

सुगरण_नाशिक

झालं तर मग. दूध पावडर आणि लिंबू एकत्र आलं. तुम्ही पनीर केलंत.

वेलचीचंही तेच. वेलची आणि ओल्ड मंकचा व्हॅनिलासारखा वास एकत्र आला की औषधाची आठवण येणारच. तुम्हाला नुसता बदाम हवा आहे. आपण थंडाईला बदाम वाटतो तसे वाटा, फक्त मसाला काहीही नको. दूध तर मुळीच नको.

बर्फवाला

ताईंनी बरोबर पकडलं. मी गेली चार वर्षं ओर्झा घरी करतो, माझी पद्धत सांगतो.

२०० ग्रॅम बदाम रात्रभर भिजवायचे आणि सकाळी सालं काढायची. ४०० मिली पाण्यात मिक्सरवर वाटायचे, पण गंधासारखे नाही, जाडसर रव्यासारखे. फार बारीक केलं की चोथा कापडातून निसटतो आणि पाक पिठूळ लागतो. वाटलेलं दोन-तीन तास झाकून ठेवायचं. मग धुतलेल्या मलमलीतून किंवा जुन्या पंचातून घट्ट पिळायचं. साधारण ३५० मिली दूध निघतं. त्यात त्याच्याच वजनाची साखर घालून मंद आचेवर ढवळायचं. बोट घातलं तर सोसेल एवढंच गरम करायचं आणि साखर विरघळली की लगेच उतरवायचं. उकळलं तर बदामाचं दूधही फाटतं, मी एकदा सगळा घाणा असा घालवला आहे. गार झाल्यावर संत्र्याच्या फुलांचं पाणी चार-पाच थेंब आणि टिकावं म्हणून दोन चमचे रम. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो.

दुसऱ्या दिवशी वर पांढरा घट्ट थर जमेल आणि खाली पाणीदार पाक दिसेल. ते नासलेलं नाही, बदामाचं तेल वर आलेलं असतं. बाटली हलवा आणि वापरा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.

शंकासुर

संत्र्याच्या फुलांचं पाणी नाशिक-पुण्यात कुठे मिळणार? गुलाबपाणी चालेल? आणि बदामाचा वास वाढवायला थोडे कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बिया घालतात असं ऐकलंय.

डॉक्टर_मिरजेचे

कडू बदाम आणि जर्दाळूच्या बियांतला गर घरच्या पाकात घालू नका. त्यात ॲमिग्डॅलिन असतं आणि ते वाटून पाण्यात भिजवलं की सायनाइड सुटतं. ज्या वासासाठी ते घालायचे, तो वास आणि ते विष एकाच रेणूतून, एकाच वेळी सुटतात. किती बियांत किती, हे घरी मोजता येत नाही. वास हवा असेल तर केकसाठी मिळणाऱ्या बदाम अर्काचा एखादा थेंब पुरे.

आणखी एक. पाहुण्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे का ते ग्लास हातात देण्याआधी विचारा. पेयात बदाम असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

सुगरण_नाशिक

गुलाबपाणी घातलंत तर गुलाबच लागेल, बदाम मागे पडेल. त्यापेक्षा नागपुरी संत्र्याची साल पांढरा भाग न येऊ देता किसा, पाकाच्या साखरेत चोळा आणि तासभर ठेवा. साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. फुलाचा वास नाही तो, पण बदामाशी भांडत नाही.

विदर्भपुत्र

मग क्युरासाओच्या जागी आमच्या संत्र्याचा रसच का नको? आमच्याकडे हंगामात घरोघरी संत्री असतात.

ओकलंडची_माहेरवाशीण

रसाने पाणी आणि गोडवा वाढतो, क्युरासाओचं काम सालीच्या कडवट तेलाचं आहे. १५ मिली क्युरासाओत कडवटपणा आणि ४० टक्क्यांच्या आसपास मद्य असतं, १५ मिली रसात यातलं काहीच नाही. ट्रिपल सेक, म्हणजे संत्र्याच्या सालीचीच दुसरी दारू, मिळाली तर ती घ्या, ती बरीच जवळ जाते. पण तुमची सालीची कल्पना सोडू नका. संत्र्याची रुंद साल ग्लासवर पिळून तेल उडवलं तर फरक लगेच कळतो.

कोथरूडकर

गुठळ्यांचं आणि अननसाचं कोडं सुटलं, सगळ्यांचे आभार. पण रमचं अजून नीट कळलेलं नाही. काळी, सोनेरी आणि पांढरी अशा तीन आणल्या की झालं का?

सांगलीकर_आबा

काळी म्हणजे जास्त वर्षं मुरलेली आणि कडक, पांढरी म्हणजे कोवळी आणि सौम्य. तीन वयांच्या तीन घेतल्या की रचना झाली.

बर्फवाला

आबा, लाकडात मुरल्याने रंग येतो इथवर बरोबर. पण रंगावरून वय ठरवता येत नाही. जाळलेल्या साखरेचा रंग घालून कोवळी रम काळी करता येते, आणि मुरलेली रम कोळशातून गाळून पांढरी करता येते. कडकपणा तर फक्त लेबलवर कळतो. जमैकाची रे अँड नेफ्यूची पांढरी ओव्हरप्रूफ ६३ टक्के असते आणि आपली काळीभोर ओल्ड मंक ४२.८.

रंगाऐवजी दोन गोष्टी विचारायच्या. मळीपासून केली की उसाच्या रसापासून? आणि कोणत्या भट्टीतून काढली? जमैकाच्या पारंपरिक रममध्ये मळी बरेच दिवस आंबवतात आणि तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीत काढतात. आंबण्यात जे फळांचे वास तयार होतात ते हंड्यातून रममध्ये उतरतात. कोथरूडकरांना आठवणारं पिकलं केळं तेच. उंच खांबाच्या भट्टीतली रम स्वच्छ आणि हलकी होते, तिच्यातले हे वास बरेचसे मागे राहतात. मार्टिनिकला उसाच्या ताज्या रसाची रम करतात, तिला ओल्या गवताचा आणि चिपाडाचा वास असतो. गयानातल्या डेमेरारा रमला गुळाच्या काकवीचा आणि किंचित धुराचा.

आता बघा, तुमच्या दोन्ही बाटल्या बहुधा मळीच्या आणि खांबाच्या भट्टीच्या होत्या. एकीत रंग आणि व्हॅनिलासारखा वास, दुसरीत काहीच नाही. दोन बाटल्या होत्या, पण चव एकच होती.

ओकलंडची_माहेरवाशीण

हेच मला म्हणायचं होतं. इथे स्मगलर्स कोव्ह नावाचा बार आहे, २००९ मध्ये सुरू झालेला. त्याचा मालक मार्टिन केट रमची विभागणी रंगाने न करता भट्टी आणि मुरवण्यावरून करतो. ते समजल्यापासून माझी खरेदी बदलली.

दोन किंवा तीन रम का लागतात ते स्वयंपाकातून सांगते. लिंबू वास कापतं आणि बदामाचं तेल जिभेवर पातळ साय धरतं. या दोघांतून एकटी हलकी रम वर येत नाही, नुसता चटका उरतो. एकटी जमैकन घेतली तर ती बदामाला गिळते. म्हणून एक रम अंगासाठी, बरीच. दुसरी वासासाठी, थोडीच. आमटीला डाळ किती आणि हिंग किती, तसं. मी ६० मधली ४५ मिली मुरलेली, मऊ रम घेते आणि १५ मिली उग्र जमैकन.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. जमैकाची रम इथे मिळाली तरी किंमत परवडत नाही. मी वासासाठी काजूची फेणी घालतो. फळ आंबवून हंड्यात काढलेली, वासाला जमैकनइतकीच दांडगी. ५० मिली रम, १० मिली फेणी. माझ्याकडे येणारे निम्मे लोक दुसरा ग्लास मागतात.

बर्फवाला

मांडवीकाठ, फेणी मला आवडते, पण बदामाबरोबर तिचा वास मला अंगावर येतो. १० मिलीत पेय काजूच्या बोंडाचं होऊन जातं. ५ मिलीपुढे जाऊ नये असं माझं मत.

मांडवीकाठ

तुम्ही पुण्यात बाटलीतली पीत असाल. गावातली चांगली फेणी वेगळी. आणि बोंडाचा वास आला तर काय बिघडलं, आम्हाला तोच हवा असतो!

विदर्भपुत्र

मला एक खटकतं. देव पॉलिनेशियाचे, रम कॅरिबियनची, बार कॅलिफोर्नियातला आणि नाव ताहितीचं. यात ज्यांच्या मूर्तींचे ग्लास करतात त्या लोकांचं काय?

ओकलंडची_माहेरवाशीण

मलाही खटकतं. टिकी ही माओरी आणि इतर पॉलिनेशियन लोकांची पूजनीय आकृती. तिच्या डोक्यात बर्फ भरून नळी खुपसायची हे मी आता करत नाही. साध्या काचेच्या बुटक्या ग्लासात देते. पेयाला मूर्तीची गरज नाही.

डॉक्टर_मिरजेचे

हे चढतं किती, ते कुणी सांगितलंच नाही. ६० मिली रम ४२.८ टक्क्यांची, म्हणजे २५.७ मिली शुद्ध मद्य. १५ मिली क्युरासाओचं आणखी ६ मिली. एकूण ३१.७ मिली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका मोठ्या पेगात २० ग्रॅम असतं. म्हणजे एक ग्लास सव्वा पेगाचा झाला. लिंबू आणि गोडव्यामुळे तो सरबतासारखा पटकन जातो, आणि लोक दोन सहज घेतात. ओव्हरप्रूफ घातली तर हिशेब आणखी वर. गाडी घरी ठेवून या.

कोथरूडकर

डॉक्टर, लक्षात ठेवलं. शनिवारी प्रयोग करतो आणि इथेच लिहितो. बर्फाचं मात्र विचारायचं राहिलं. कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून किसलेला आणू का?

बर्फवाला

गोळ्याचा बर्फ नको. तो भुग्यासारखा असतो, हलवता हलवता पाणी होतो. घरचे खडे जाड कापडी पिशवीत घालून लाटण्याने कुटा. हरभऱ्याएवढे तुकडे हवेत, थोडा चुरा असला तरी चालेल. कापड सुटलेलं पाणी शोषतं, हा फायदा. दहा-बारा सेकंद जोरात हलवा, भांडं बाहेरून धुरकट झालं की थांबा, आणि न गाळता बर्फासकट ओता.

लिंबाचंही सांगतो. मूळ कृतीत एका लिंबाचा, म्हणजे साधारण ३० मिली रस आहे, पण तिकडचं लिंबू मोठं आणि बिनबियांचं असतं. आपल्या कागदी लिंबाला वास जास्त आणि धारही जास्त. दोन लिंबं लागतील, पण आधी २५ मिली घाला, चाखा, मग ठरवा. रस आयत्या वेळी काढा, सकाळचा संध्याकाळी कडवट लागतो.

कोथरूडकर

शनिवारचा अहवाल. ओर्झा बर्फवाल्यांच्या पद्धतीने केला, संत्र्याची साल सुगरणताईंच्या पद्धतीने चोळली. पाक पांढरट, दाट, वास कोवळ्या बदामाचा. दुसऱ्या दिवशी खरंच वर थर आला, सांगितलं नसतंत तर मी ओतून दिला असता.

तीन ग्लास केले. तिन्हींत लिंबू २५ मिली, ट्रिपल सेक १५, ओर्झा साडेसात, साधा पाक साडेसात. साडेसात मिली म्हणजे खोकल्याच्या बाटलीच्या टोपणातल्या १५ च्या खुणेचं अर्धं. बदलली ती फक्त रम.

पहिल्यात ओल्ड मंक ६०. फाटलं नाही, औषध नाही, पण गोड. व्हॅनिलासारखा वास पुढे येतो आणि बदाम कळतच नाही. बायको म्हणाली, चांगलं आहे पण केक प्यायल्यासारखं वाटतं.

दुसऱ्यात गोव्याची उसाच्या रसाची पांढरी रम ४० आणि ओल्ड मंक २०. इथे मी चकित झालो. आधी लिंबू, मग हिरवट उसाचा वास, आणि शेवटी बदाम! ओल्ड मंक एकटी बदामाला झाकत होती, थोडी असताना त्याच्या खाली बसली. यात साधा पाक निम्मा केला तर आणखी बरं लागलं, कारण गोडवा ओल्ड मंकमधून येतोच.

तिसऱ्यात तीच उसाची ४०, ओल्ड मंक १५ आणि मित्राने गोव्याहून आणलेली फेणी ५. पहिला घोट जरा विचित्र. ग्लास अर्धा होईपर्यंत बर्फ विरघळला आणि तेव्हा तो केळ्यासारखा वास आला जो मी तिथे घेतला होता. अगदी तोच नाही, पण त्याच घरातला. मित्राला तिसरा आवडला, बायकोला दुसरा. मी ठरवू शकलो नाही.

मांडवीकाठ

५ वर थांबलात. पुढच्या वेळी १० करा, मग बोलू.

बर्फवाला

विरघळल्यावर वास उघडला, कारण कडक मद्यात तो दबलेला असतो. म्हणून पहिल्या घोटावरून निकाल देऊ नका. कोथरूडकर, दुसरा ग्लास मीही करून बघणार. ओल्ड मंक खाली बसवायची हे मला सुचलं नव्हतं, मी तिला सरळ बाद केली होती.

ओकलंडची_माहेरवाशीण

किती छान झालं हे! उसाच्या रसाची रम तुम्ही घेतलीत, तर एक सांगते. व्हिकची मार्टिनिक रम आजच्यासारखी उसाच्या रसाची होती की मळीची, यावर इथले जाणकार भांडतात. बरेच जण मळीचीच मानतात, कारण गवताच्या वासाला सुकामेव्याची चव कुणी म्हणणार नाही. तसं असेल तर तुमचा दुसरा ग्लास मूळ कृतीपासून लांब आहे. पण मी उसाच्या रमचं माय ताय आवडीने पिते आणि पुढेही पीन.

सांगलीकर_आबा

मी आज बिनअननसाचं केलं. लिंबू जास्त वाटलं. मग एक चमचा अननसाचा रस घातला आणि मला आवडलं. एक चमचाच.

ओकलंडची_माहेरवाशीण

आबा, एका चमच्याला माझी हरकत नाही.

शंकासुर

दारू न घेणाऱ्यांसाठी काही? आई विचारते आहे, तिला ओर्झाचा वास फार आवडला.

सुगरण_नाशिक

काकूंना ओर्झा ३० मिली, अर्धं लिंबू, संत्र्याची साल पिळून आणि वर थंड सोडा. सोडा शेवटी आणि कडेने, नाहीतर फेस उतू जातो.

आणि कोथरूडकर, तो चोथा टाकला नाहीत ना? २०० ग्रॅम बदामाचा चोथा आहे!

कोथरूडकर

ताई, फ्रिजमध्ये डब्यात ठेवलाय. काय करू?

सुगरण_नाशिक

चमचाभर तुपावर मंद परता, पाणी आटू द्या. मग चोथ्याच्या निम्मी साखर आणि थोडं दूध घालून गोळा होईपर्यंत ढवळा आणि ताटात थापा. तेल बरंच पाकात गेलेलं असतं, म्हणून वडी जरा कोरडी होईल, त्यासाठी दूध. यात वेलची घाला, इथे ती चालते.